लोणच्याला नाव हवंय, पण कुणा माणसाचं नको

प्रश्न: आजीच्या पद्धतीचं कैरीचं आणि भोकराचं लोणचं घरी करून विकते, सध्या फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर, सीझनला महिन्याला ४०-५० बरण्या जातात. आता लेबल छापायचंय. पण नावात आजीचं, माझं, आडनाव, कुणाचंच नाव नकोय, कारण ती आम्हा सगळ्या चुलत-आते भावंडांची आजी आहे आणि उद्या कुणी म्हणायला नको की नाव हिनेच वापरलं. 'आजीच्या हातचं' वगैरे सगळं घेतलेलं दिसतंय. पुढे मेतकूट पण करायचंय. नाव शोधायचं कसं?

ताई, सगळ्यात आधी यादीतून 'आजी' हा शब्दच काढून टाका. ते कुणाचं नाव नाही हे खरं, पण लोणच्या-पापडाच्या धंद्यात आजी, आई, काकू, माई, वहिनी हे शब्द इतके वापरून झालेत की त्यावरून तुमची बरणी शेजारच्या बरणीपासून वेगळी ओळखता येत नाही. गिऱ्हाईक मैत्रिणीला सांगतं, अगं ते आजीचं काहीतरी लोणचं आहे ना ते मागव, आणि ती मैत्रीण सर्च करून दुसऱ्याच कुणाच्या आजीचं मागवते. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आपल्याकडे जुनी मोठी नावं बघा, बेडेकर, चितळे, काटदरे, सगळी आडनावं, तेव्हा तेच चालायचं आणि ते वेगळं उठूनही दिसायचं. तुम्ही तो रस्ता बंद केलाय ते बरंच केलंत, कारण आडनावाच्या ब्रँडवरून भावकीत वाजलेलं मी दोनदा बघितलंय.

मी पुण्यात सोळा-सतरा वर्षं गृहउद्योगवाल्यांची लेबलं आणि नावं करते. बहुतेक जणी येताना जी यादी घेऊन येतात तिच्यात वारसा, परंपरा, आठवण, स्वाद, रुची, माया, जिव्हाळा हे शब्द असतातच असतात. वाईट काही नाही त्यात, पण हे शब्द लोणच्यालाही चालतात, साड्यांच्या दुकानालाही चालतात आणि लग्नाच्या हॉललाही चालतात, मग त्यात तुमचं काय राहिलं? आणि दुसरी यादी असते ती अस्सल, घरगुती, पारंपरिक, कोकणी, गावाकडचं. ही यादी जास्त धोक्याची, कारण ती ऐकायला छान वाटते. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका बाईंना 'अस्सल' आणि त्यापुढे जिल्ह्याचं नाव असं करून दिलं होतं, तीन हजार लेबलं छापून झाली, मग ट्रेडमार्कला टाकलं तर हरकत आली की हा शब्द गुण सांगतो आणि हा शब्द ठिकाण सांगतो, यात तुमचं एकटीचं असं काही नाही. चूक माझीच होती. लेबलं त्यांनी संपेपर्यंत वापरली, पण नाव काही स्वतःचं करून घेता आलं नाही.

कायदा इथे अगदी साधा आहे. ट्रेडमार्क अ‍ॅक्ट १९९९ चं कलम ९ म्हणतं की जो शब्द मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा ठिकाण नुसता सांगतो तो कुणा एकाला देता येत नाही. लोणचं, खार, कैरी, चटकदार, मुरलेलं, कोकण, हे सगळे त्यात आले. काही जणींना वाटतं मराठी शब्द आहे, ऑफिसात कुणाला कळणार? तसं होत नाही, अर्जात शब्दाची भाषा आणि अर्थ आपल्यालाच लिहून द्यावा लागतो, तिथेच कळतं. आणि फूड सेफ्टीवाल्यांचं वेगळंच, ब्रँडच्या नावात प्युअर, ओरिजिनल, ट्रॅडिशनल, ऑथेंटिक असले शब्द असले आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असली तर लेबलवर निदान ३ मिलिमीटरच्या अक्षरात छापावं लागतं की हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे. म्हणजे आपणच मोठ्या अक्षरात 'अस्सल' लिहायचं आणि खाली बारीक अक्षरात आपणच सांगायचं की तसं काही समजू नका. कशाला?

मग नाव कुठे शोधायचं? आजी कोण होती यात नको, ती काय करायची आणि काय बोलायची यात शोधा. घरातल्या सगळ्यात मोठ्या आत्याला किंवा काकूला तासभर धरून बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा, आणि रेसिपी अजिबात विचारू नका. रेसिपी विचारली की ती मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट असं सांगत सुटते आणि ते तर सगळ्यांचंच सारखं असतं. तिला विचारा, आजी मीठ-तिखट कशाने मोजायची? कैऱ्या कोण फोडायचं? बरणी कुठे ठेवायची? बरणीला तोंडाशी काय बांधायची? कुणावर ओरडायची आणि काय म्हणून ओरडायची? लोणचं कधी घालायचं, कधी काढायचं? या उत्तरांतून आठ-दहा शब्द पडतातच, आणि ते शब्द पुस्तकातले नसतात.

माझ्या अनुभवात जवळजवळ प्रत्येक घरातून जे निघतं त्यातले पाच घेऊन दाखवते कसं तपासायचं ते. तुमच्या घरचे वेगळे निघतील, पण पद्धत हीच.

पहिला शब्द मापाचा. आपल्याकडे निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली अशी मापं होती, चिपटं म्हणजे पाव शेर आणि मापटं म्हणजे अर्धा. 'चिपटं' नाव किती गोड वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मग फोनवर पाच जणांना सांगून बघितलं तर दोघांनी 'चपटी' ऐकलं आणि हसले, आता चपटी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, लोणच्याच्या बरणीवर दारूच्या पाव बाटलीची आठवण नको. 'मापटं' त्यामानाने बरं, उंबऱ्यावरचं माप ओलांडणं पण आठवतं, पण इथे एक काळजी घ्यावी लागते. लीगल मेट्रॉलॉजीच्या कायद्याने वजन ग्रॅम-किलोतच सांगावं लागतं, त्यामुळे ब्रँडचं नावच माप असेल तर 'एक मापटं लोणचं, अमुक रुपये' असं चुकूनही जाहिरातीत लिहायचं नाही. आपण लिहिणार नाही, पण कधीतरी भाचा उत्साहाने पोस्टर करतो आणि नेमकं तेच लिहितो.

दुसरा दादरा, म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधतात ते फडकं. चिनीमातीची बरणी, तिच्यावर पांढरा दादरा, सुतळीचा फास, हे चित्र एका शब्दात येतं. पण गूगलला टाकून बघा, आधी दादरा-नगर हवेली येतं आणि मग दादरा ताल, ठुमरी-दादरा. आपलं फडकं कुठल्या कुठे राहतं. वर ते गावाचं नाव असल्यामुळे ठिकाणाच्या मुद्द्यावर हरकत येऊ शकते. सोडून द्या. (भोकराचं लोणचं स्पेशल आहे म्हणून 'भोकर' ठेवू का असं मनात आलं असेल तर तेही नको, नांदेडकडे भोकर नावाचं गाव आहे, आणि शिवाय मेतकुटाच्या पाकिटावर भोकर कसं दिसेल?)

तिसरा 'मृगाआधी'. मृग लागतो ७-८ जूनच्या आसपास आणि बऱ्याच घरी त्याच्या आत लोणचं घालून मोकळं व्हायची घाई असते. नाव म्हणून मला फार आवडतं, पण इंग्रजी अक्षरात लिहायला सांगा पाच जणांना, Mrugaadhi, Mrigadhi, Mrugadhee, पाच जणांची पाच स्पेलिंगं. तुमची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टावर येणार, तिथे लोक इंग्रजी अक्षरातच शोधतात. बाद.

राहिले दोन. चौथा 'फडताळ' आणि पाचवा, जो माझ्या मते सगळ्यात चांगला, तो म्हणजे ओरडणं. जवळजवळ प्रत्येक आजी बरणीजवळ एकच वाक्य ओरडायची, हात कोरडा कर आधी! तिथून 'कोरडा हात'.

या दोघांना आता नीट घासून बघू.

फोनची चाचणी म्हणजे काय ते सांगते. घरातले नकोत, पाच बाहेरचे लोक, त्यात दोन तरी पंचविशीच्या आतले आणि एक तरी मराठी न येणारा. फोनवर एकदाच सांगायचं, "तुम्हाला अमुक अमुकचं लोणचं पाठवते", स्पेलिंग सांगायचं नाही, अर्थ सांगायचा नाही, आणि मग म्हणायचं जे ऐकलं ते मला इंग्रजी अक्षरात मेसेज करा. पाचपैकी तिघांचं स्पेलिंग एक आलं तर ठीक, पाचही वेगळी आली तर नाव कितीही गोड असो, सोडायचं. 'फडताळ'ला सुरुवातीलाच Ph की F हा घोळ होतो, आणि तरुण पोरांना फडताळ म्हणजे काय तेच माहीत नसतं, भिंतीतलं कपाट म्हणून सांगावं लागतं. माहीत नसणं हा काही दोष नाही, उलट त्यातून दोन वाक्यं बोलायला मिळतात, पण स्पेलिंगचा घोळ हा दोष आहे. 'कोरडा हात'ला Korda बरोबर येतं, गडबड दुसऱ्या शब्दात. Hat लिहिलं तर इंग्रजीत टोपी झाली, Haat लिहिलं तर हिंदीवाल्याला बाजार वाटतो, तो आपला दिल्ली हाटमधला हाट. दोनांतलं Haat मी घेईन, कारण लोणच्याला बाजार जवळचा, टोपी नाही. लेबलवर देवनागरी मोठं, इंग्रजी बारीक, आणि इन्स्टाचं हँडल सरळ kordahaat, मध्ये डॉट-अंडरस्कोर काही नको.

दुसरी चाचणी मी मराठी नावांना नेहमी लावते आणि ती इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. आपण ब्रँडचं नाव कधी नुसतं घेत नाही, त्याला 'चं' लावतो. बेडेकरांचं लोणचं, चितळ्यांची बाकरवडी. 'चं' लावलं की मराठीत शब्दाचा आकार बदलतो. मापटं म्हटलं की 'मापट्याचं लोणचं' होतं, दादरा म्हटलं की 'दादऱ्याचं'. लेबलवर एक आणि तोंडात दुसरंच. 'फडताळ' इथे पास होतं, 'फडताळाचं लोणचं', मूळ शब्द जसाच्या तसा ऐकू येतो. 'कोरडा हात' मात्र 'कोरड्या हाताचं लोणचं' होतं, म्हणजे बदलतं, पण बदलून वाईट होत नाही, उलट मला तर ते नावाहूनही छान वाटतं. म्हणून नाव 'कोरडा हात' आणि खाली बारीक अक्षरात 'कोरड्या हाताचं लोणचं' अशी ओळ ठेवा, दोन्ही रूपं डोळ्यासमोर राहतात.

'कोरडा हात'चे धोकेही सांगते, नाहीतर म्हणाल नुसतं कौतुक केलं. एक, कुणीतरी विचारणारच, लोणचं कोरडं आहे का, तेल कमी आहे का? पहिल्या महिन्यात हे दहा वेळा ऐकाल, त्यामुळे लेबलवर तेल आणि खार दिसेल असा फोटो किंवा चित्र हवं. दोन, कोरडा म्हटलं की काहींना रूक्ष वाटतं, कोरडं बोलणं म्हणतो तसं. हे मी पाच-सात जणांना विचारून बघायला सांगेन, पण 'हात' पुढे आला की बहुतेकांना आपापल्या घरातली बरणीच आठवते. आणि एक फायदा असा आहे जो बाकी कुठल्याच नावात नाही. घरगुती लोणच्याच्या तक्रारी येतात त्यातल्या भरपूर बुरशीच्या असतात, आणि बऱ्याचदा लोणचं चांगलंच असतं, गिऱ्हाइकाने ओला चमचा घातलेला असतो. पाण्याचे चार थेंब गेले की वरच्या थराला तेवढ्यापुरतं मीठ-तेलाचं संरक्षण पातळ होतं आणि आठ दिवसांत पांढरी साय दिसायला लागते. इथे तुमच्या ब्रँडचं नावच दर वेळी बरणी उघडताना सूचना देतं. आजी जे ओरडून सांगायची ते झाकण सांगेल. ('ओला चमचा नको' असंही नाव एकीने सुचवलं होतं, छान आहे, पण टॅक्सीवाले आठवतात.)

आता सर्च. IP India च्या साइटवर ट्रेडमार्कचा पब्लिक सर्च फुकट आहे. तिथे क्लास २९ टाका, कारण लोणचं क्लास २९ मध्ये येतं, आणि मेतकूट, मसाले करणार असाल तर क्लास ३० मध्ये पण तेच बघा. Wordmark मध्ये Contains निवडून आधी एकेक शब्द टाका, KORDA वेगळं, HAAT वेगळं, मग Phonetic लावून परत बघा, कारण ऑफिस उच्चारही बघतं, नुसतं स्पेलिंग नाही. HAAT ला भरपूर निघतील, घाबरू नका, पूर्ण नाव मिळून सारखं वाटतंय का ते बघायचं. एक गोष्ट फार कुणी करत नाही ती करा, तुमच्या नावाजवळचा जो अर्ज Objected दिसतो तो उघडून त्याचा एक्झामिनेशन रिपोर्ट वाचा, कशावरून हरकत घेतली ते तिथे लिहिलेलं असतं, आणि दोन-तीन रिपोर्ट वाचले की आपल्या नावाला काय ऐकावं लागेल याचा अंदाज येतो. मग गूगल, इन्स्टा, अ‍ॅमेझॉन बघाच, कारण रजिस्टर न करता वर्षानुवर्षं वापरणाराही अडवू शकतो. 'कोरडा हात' आज मोकळं आहे की नाही हे तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय धरून चालू नका, आणि नसेल तर 'फडताळ' हातात ठेवा.

अर्ज टीएम-ए फॉर्मवर, एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन ४५०० रुपये एका क्लासचे. पैसे एकाच क्लासपुरते असतील तर आधी २९, मेतकूट खरंच विकायला लागलात की ३०. लोगो नंतर बदलतो, म्हणून आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करा. लेबलवर नावापुढे बारीक TM पहिल्या दिवसापासून लिहिता येतं, गोलातला R मात्र सर्टिफिकेट आल्यावरच, आधी लिहिलं तर गुन्हा आहे. रिपोर्टमध्ये हरकत आली तर उत्तराला ३० दिवस मिळतात, आणि मंजूर होऊन जर्नलमध्ये छापलं की चार महिने कुणीही विरोध करू शकतं, म्हणजे हे सगळं होईपर्यंत धंदा थांबवायचा नाही. नाव वापरायला लागलात की तारखेसकट पहिलं बिल, पहिल्या लेबलचा फोटो, प्रेसचं बिल हे एका फाइलमध्ये ठेवा, 'कधीपासून वापरता' याला तोच पुरावा.

शेवटचा मुद्दा तुमच्या अटीचा, माणसाचं नाव कुठेच नको. ते समोरून काढलं तरी मागच्या दाराने शिरतं. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता छापावाच लागतो, फूड लायसन्स तुम्ही तुमच्या नावाने काढलंत तर तिथे तुमचंच नाव येणार. म्हणून नाव ठरल्यावर मगच एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन करा किंवा असलेलं बदलून घ्या, धंद्याच्या नावाने, मग १४ आकडी नंबर आणि धंद्याचं नाव दोन्ही जुळतात. दुसरं, पैशाचा क्यूआर. गिऱ्हाईक स्कॅन करतं आणि स्क्रीनवर तुमचं आणि नवऱ्याचं अख्खं नाव येतं, कारण खातं सेव्हिंगचं. धंद्याच्या नावाने करंट खातं उघडायला त्या नावाची दोन कागदपत्रं लागतात, उद्यमचं सर्टिफिकेट फुकट निघतं आणि दुसरं हे फूड रजिस्ट्रेशन चालू शकतं, बँकेत आधी विचारून घ्या. तिसरं कुरिअरची पावती, तिथे पाठवणारा म्हणून सवयीने आपलंच नाव लिहितो.

आणि लेबलं पहिल्यांदा शंभर-दीडशेच छापा, डिजिटल प्रेसवर, महाग पडली तरी. पहिल्या शंभर बरण्यांत कळतं की लोक नाव कसं घेतात, आणि कधीकधी ते आपण ठरवलेलं सोडून दुसरंच घेतात. आत्याचं रेकॉर्डिंग झालं की त्यातले आठ-दहा शब्द इथे टाका, बघते.